अॅक्युरसी ८७ टक्के, पण अधिक-उणे किती? टेस्ट स्कोअरवर विश्वास अंतराल लावण्याची रीत

छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया आहे की नाही हे सांगणारं एक मॉडेल आहे असं धरू. ट्रेनिंगमध्ये न वापरलेले १००० एक्स-रे त्याला दाखवले आणि ८७० उत्तरं बरोबर आली. अॅक्युरसी ०.८७. पण त्याच ठिकाणाहून दुसरेच १००० एक्स-रे हाती आले असते, तर मॉडेलला हात न लावताही ८६१ बरोबर आली असती, किंवा ८८२. म्हणजे ०.८७ या आकड्यात थोडा भाग मॉडेलचा आहे आणि थोडा त्या विशिष्ट १००० एक्स-रेंचा. हा दुसरा भाग किती मोठा असू शकतो, ते नवे एक्स-रे न आणता हातातल्या डेटावरूनच काढता येतं. त्यामागे दोन प्रमेयं आहेत: मोठ्या संख्यांचा नियम आणि केंद्रीय सीमा प्रमेय, म्हणजेच सेंट्रल लिमिट थिअरम.

## पहिली पायरी: एक आकडा नको, रकाना हवा

बहुतेक जण अॅक्युरसी छापतात आणि मूळ निकाल टाकून देतात. तसं करू नका. प्रत्येक एक्स-रेसमोर उत्तर बरोबर असेल तर १, चूक असेल तर ० असा रकाना जपून ठेवा, आणि त्याच्या शेजारी तो एक्स-रे कोणत्या रुग्णाचा हेही लिहून ठेवा. रुग्णाचा रकाना आत्ता बिनकामाचा वाटेल, पण पुढे सगळा हिशेब त्याच्यावरच अडतो.

या ०-१च्या रकान्याची सरासरी म्हणजेच अॅक्युरसी. दिसायला क्षुल्लक वाटलं तरी सगळं इथूनच सुरू होतं, कारण दोन्ही प्रमेयं सरासरीबद्दल बोलतात. लॉस ही प्रत्येक उदाहरणाच्या लॉसची सरासरी असते आणि मिनी-बॅचचा ग्रेडियंट ही प्रत्येक उदाहरणाच्या ग्रेडियंटची, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनाही लागू पडतं. F1 किंवा AUC मात्र अशी साधी सरासरी नाही. तिथे खालचं सूत्र थेट लावू नका, हातातल्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलून अंतराल काढण्याची, पुढे दिलेली बूटस्ट्रॅपची रीत वापरा.

## मोठ्या संख्यांचा नियम काय देतो

०-१ निकालांपुरता हा नियम याकोब बर्नुलीने सिद्ध केला आणि तो १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. आजच्या व्यापक रूपात तो असा: निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असतील, सगळी एकाच वितरणातून येत असतील आणि त्या वितरणाला सांत सरासरी असेल, तर निरीक्षणं वाढवत नेल्यावर नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीकडे जाते. टेस्ट सेटवरच्या सरासरीला मॉडेलच्या खऱ्या अॅक्युरसीचा अंदाज म्हणायचा अधिकार आपल्याला इथून मिळतो.

त्यात नवशिक्याला हमखास चकवणारी एक जागा आहे. चुका पुढे 'भरून निघतात' असं हा नियम म्हणत नाही. खरी अॅक्युरसी ०.८७ असेल तर १००० एक्स-रेंमध्ये बरोबर उत्तरांची संख्या ८७० पासून साधारण १०.६ ने इकडेतिकडे होते. एक लाख एक्स-रे घेतले तर ती ८७,००० पासून साधारण १०६ ने इकडेतिकडे होते. म्हणजे संख्येतली तफावत कमी न होता दसपट वाढली. पण भागायचं १००० ऐवजी १,००,००० ने, म्हणजे शंभरपट मोठ्या आकड्याने. म्हणून सरासरीतली तफावत दसपट कमी झाली. आधीच्या चुकांची भरपाई कुणी करत नाही, नव्या निरीक्षणांच्या ढिगात त्या विरघळतात.

आणि 'खरी सरासरी' म्हणजे ज्या वितरणातून टेस्ट सेट आला त्याचीच. सगळे एक्स-रे एकाच मशीनवरचे असतील तर दहा लाख घेतले तरी उत्तर त्या मशीनपुरतंच अचूक होत जाईल. नमुना एकांगी असेल तर जास्त डेटा तुम्हाला चुकीच्या आकड्याकडेच अधिक ठामपणे नेतो.

## दुसरी पायरी: स्टँडर्ड एरर

नियम सांगतो की सरासरी योग्य जागी पोचेल. १००० वर आपण किती जवळ आलो आहोत ते तो सांगत नाही. त्यासाठी व्हेरियन्सचा साधा हिशेब पुरतो. स्वतंत्र राशींची बेरीज केली की त्यांच्या व्हेरियन्सचीही बेरीज होते. एका निरीक्षणाचा व्हेरियन्स σ² असेल तर n निरीक्षणांच्या बेरजेचा nσ². सरासरीसाठी बेरजेला n ने भागायचं, म्हणजे व्हेरियन्सला n² ने. उरतो σ²/n. त्याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड एरर:

```
SE = σ / √n
```

p म्हणजे अॅक्युरसी धरली तर ०-१च्या रकान्यासाठी σ² = p(1−p). आपल्या उदाहरणात ०.८७ × ०.१३ = ०.११३१, त्याचं वर्गमूळ ०.३३६, आणि ते √१००० ने, म्हणजे ३१.६ ने भागलं की ०.०१०६. म्हणजे साधारण एक टक्का.

√n महाग पडतं. SE निम्मा करायचा तर डेटा चौपट लागतो, एक-दशांश करायचा तर शंभरपट. मिनी-बॅच ६४ वरून २५६ केली तर ग्रेडियंटमधला गोंगाट फक्त निम्मा होतो, तोही याच कारणाने. बॅच वाढवत नेण्याचा फायदा लवकर आटतो, असं म्हणतात ते यामुळेच.

इथे 'स्वतंत्र' हा शब्द नीट लक्षात ठेवा. व्हेरियन्सची नुसती बेरीज त्याच्याच भरवशावर झाली आहे.

## तिसरी पायरी: अंतराल

स्टँडर्ड एरर हाती आला, पण ०.०१०६ म्हणजे शक्यता किती हे ठरवायला सरासरीच्या वितरणाचा आकार लागतो. तो केंद्रीय सीमा प्रमेय देतं. निरीक्षणं स्वतंत्र आणि एकाच वितरणातली असतील व व्हेरियन्स सांत असेल, तर n मोठा झाल्यावर (सरासरी − खरी सरासरी) / SE ही राशी प्रसामान्य वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राच्या, जवळ जाते. नाणेफेकीपुरतं हे द म्वाव्हरने १७३३ मध्ये दाखवलं होतं, लाप्लासने १८१० मध्ये ते बरंच व्यापक केलं, आणि 'केंद्रीय' हे विशेषण पोल्याने १९२० मध्ये जोडलं.

आपल्या रकान्यात फक्त ० आणि १ आहेत. त्याचा आलेख काढला तर दोन खांब दिसतील, घंटा कुठेच नाही. डेटा दहापट केला तरी दोन खांबच राहतील. 'डेटा मोठा आहे म्हणजे तो प्रसामान्य होतो' हे म्हणणं म्हणूनच चूक आहे. घंटेचा आकार येतो तो सरासरीला: १००० एक्स-रेंचे अनेक वेगवेगळे संच घेतले आणि प्रत्येकाची अॅक्युरसी मांडली, तर त्या अॅक्युरसींचा आलेख घंटेसारखा दिसतो.

प्रसामान्य वितरणाचा ९५ टक्के भाग मध्यापासून ±१.९६ प्रमाण विचलनांत येतो. म्हणून ९५ टक्के विश्वास अंतराल असा:

```
0.87 ± 1.96 × 0.0106  →  0.849 ते 0.891
```

एवढ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. खरी अॅक्युरसी आपणच ठरवू, एक लाख टेस्ट सेट खोटेच तयार करू आणि किती अंतरालांत खरा आकडा सापडतो ते मोजू:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(0)
p, n, T = 0.87, 1000, 100_000
m = rng.binomial(n, p, T) / n
se = np.sqrt(m * (1 - m) / n)
hit = (m - 1.96*se <= p) & (p <= m + 1.96*se)
print(m.std(), hit.mean())
```

पहिला आकडा ०.०१०६ च्या जवळ येईल, म्हणजे √n चं सूत्र बरोबर. दुसरा ०.९५ च्या आसपास येईल. '९५ टक्के' या शब्दाचा अर्थही नेमका हा दुसरा आकडाच आहे: ही रीत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा अंतराल खऱ्या आकड्याला पकडतो. तुमच्या हातातल्या एकाच अंतरालाबद्दल 'खरा आकडा यात असण्याची शक्यता ९५ टक्के' असं त्यातून काटेकोरपणे निघत नाही. रोजच्या बोलण्यात सगळेच तसं म्हणतात, आणि त्याने फारसं बिघडतही नाही.

## चौथी पायरी: दोन मॉडेलांची तुलना

प्रत्यक्षात प्रश्न बहुधा असा असतो: जुन्या मॉडेल 'अ' ला ८७०, नव्या 'ब' ला ८८५. ब खरंच सरस आहे का?

दोघांचे अंतराल शेजारी मांडून ते एकमेकांत शिरतात का हे बघायची चाल सर्वत्र दिसते. ती टाळा. दोन्ही मॉडेलांनी तेच १००० एक्स-रे पाहिले आहेत. अवघड एक्स-रे दोघांनाही अवघड जातात, त्यामुळे दोन स्कोअर बरोबरच वरखाली होतात आणि फरक काढताना तो सामाईक चढउतार वजा होतो. वेगवेगळे अंतराल लावले की हा फायदा हातचा जातो.

योग्य रीत अशी. प्रत्येक एक्स-रेसाठी d = (ब चा निकाल) − (अ चा निकाल) काढा. d ला तीनच किमती: +१, ० किंवा −१. समजा ४५ एक्स-रेंवर अ चुकलं आणि ब बरोबर आलं, ३० वर उलट झालं, आणि उरलेल्या ९२५ वर दोघांचा निकाल सारखाच. आता d ची सरासरी आणि तिचा SE:

```python
d = b.astype(int) - a.astype(int)
diff = d.mean()                          # 0.015
se = d.std(ddof=1) / np.sqrt(len(d))     # 0.00865
print(diff - 1.96*se, diff + 1.96*se)
```

हातानेही करून बघा. d² ची सरासरी ७५/१००० = ०.०७५, त्यातून ०.०१५² = ०.०००२२५ वजा केले की ०.०७४८. वर्गमूळ ०.२७३, ते ३१.६ ने भागलं की ०.००८६. अंतराल −०.००२ ते ०.०३२. शून्य आत आहे, म्हणजे 'ब सरस आहे' असं या टेस्ट सेटवरून ठामपणे म्हणता येत नाही. दोघांना वेगवेगळ्या टेस्ट सेटवर तपासल्यासारखा हिशेब केला असता तर SE ०.०१४७ आला असता, म्हणजे जवळपास पावणेदोनपट. जोडी लावल्याने मिळालेला फायदा तो हाच.

कौल हवाच असेल तर काय करायचं? हेच प्रमाण टिकलं असं धरून ४००० एक्स-रे घेतले, तर SE निम्मा होऊन ०.००४३ वर येतो आणि अंतराल ०.००७ ते ०.०२३ असा शून्याच्या वर जातो. टेस्ट सेटवर लेबलं लावून घ्यायचा खर्च आधीच ठरवायचा असेल तर हाच हिशेब उलटा करा: किती फरक ओळखायचा आहे ते ठरवा आणि त्यावरून n काढा.

## जिथे सगळं कोसळतं: स्वतंत्रता

आता रुग्णाच्या रकान्याकडे वळू. समजा १००० एक्स-रे प्रत्यक्षात १०० रुग्णांचे आहेत, प्रत्येकी दहा. एखाद्या रुग्णाच्या छातीत पेसमेकर असेल आणि मॉडेल त्याने गोंधळत असेल, तर त्याचे दहाच्या दहा एक्स-रे चुकू शकतात. ही दहा निरीक्षणं दिसायला दहा असली तरी त्यातली माहिती दहाइतकी नाही.

एकाच रुग्णाच्या दोन निकालांतला सहसंबंध ρ आणि प्रत्येक रुग्णाचे m एक्स-रे असतील, तर सरासरीचा व्हेरियन्स 1 + (m−1)ρ पट फुगतो. ρ = ०.३ धरलं तर १ + ९ × ०.३ = ३.७. तुमचे १००० एक्स-रे २७० स्वतंत्र एक्स-रेंच्या तोडीचे झाले. SE ०.०१०६ वरून ०.०२०५ झाला आणि अंतराल ०.८३ ते ०.९१ एवढा ताणला गेला. सरासरी मात्र ०.८७ च राहिली. म्हणूनच ही चूक सापडत नाही: स्कोअर ठीक दिसतो, कोड एरर देत नाही, फक्त अंतराल जवळजवळ निम्मा छापला जातो.

उपाय सोपा आहे. जे एकक खरोखर स्वतंत्र आहे त्याच्यावर सरासरी घ्या. प्रत्येक रुग्णाची अॅक्युरसी काढा, त्या १०० आकड्यांचं प्रमाण विचलन घ्या आणि √१०० ने भागा. रुग्णागणिक एक्स-रेंची संख्या कमीजास्त असेल, किंवा F1सारखं सरासरी नसलेलं माप असेल, तर बूटस्ट्रॅप करा, पण एक्स-रे नव्हे, रुग्ण उचलून:

```python
groups = [correct[patient == i] for i in np.unique(patient)]
k, out = len(groups), []
for _ in range(5000):
    pick = rng.integers(0, k, k)
    out.append(np.concatenate([groups[j] for j in pick]).mean())
print(np.percentile(out, [2.5, 97.5]))
```

हा अंतराल आणि आधीचा साधा अंतराल शेजारी ठेवा. बूटस्ट्रॅपचा ठळकपणे रुंद आला तर निरीक्षणं स्वतंत्र नाहीत. हीच गोष्ट एका व्हिडिओतल्या फ्रेम्स, एका लेखातली वाक्यं, एका वापरकर्त्याचे क्लिक या सगळ्यांना लागू होते.

क्रॉस-व्हॅलिडेशनही याच सापळ्यात सापडतं. दहा फोल्ड म्हणजे दहा स्वतंत्र स्कोअर नव्हेत: कोणत्याही दोन फोल्डच्या ट्रेनिंग सेटमधली बहुतांश उदाहरणं सामाईक असतात. त्या दहा आकड्यांचं प्रमाण विचलन √१० ने भागून छापलेला '±' म्हणून भरवशाचा नसतो, आणि बहुधा तो गरजेपेक्षा लहानच येतो.

## चुका मोजक्याच असतील तेव्हा

'n ३० च्या वर गेला की प्रसामान्य धरा' हा नियम डोक्यातून काढून टाका. n किती पुरे हे वितरण किती एकीकडे झुकलेलं आहे त्यावर ठरतं, आणि चांगल्या मॉडेलचा ०-१चा रकाना फारच झुकलेला असतो.

एक लाख खोटे टेस्ट सेट बनवणाऱ्या तिसऱ्या पायरीतल्या कोडमध्ये p = 0.99 आणि n = 100 घालून बघा. दुसरा आकडा ०.९५ नाही, ०.६३ च्या जवळ येईल. कारण हातानेही सापडतं: एकही चूक न होण्याची शक्यता ०.९९¹⁰⁰ = ०.३६६. तसं झालं की p(1−p) शून्य होतं आणि अंतराल '१०० टक्के ± ०' असा निघतो, ज्यात ०.९९ बसत नाही. म्हणजे तीनातल्या एकाहून जास्त वेळा आपण बिनचूक मॉडेल सापडल्याचं जाहीर करू.

अशा वेळी १९२७ मध्ये विल्सनने मांडलेला अंतराल वापरा. statsmodels मध्ये तो तयार आहे:

```python
from statsmodels.stats.proportion import proportion_confint
print(proportion_confint(870, 1000, method="wilson"))
```

आपल्या ८७० साठी तो ०.८४८ ते ०.८८९ देतो, म्हणजे साध्या सूत्राच्या अगदी जवळ. त्यामुळे नेहमी विल्सनच वापरला तरी काही गमवावं लागत नाही. आणि शून्य चुका आल्या तर तोंडी हिशेब पुरतो: चुकांच्या प्रमाणाची ९५ टक्क्यांची वरची मर्यादा साधारण 3/n. शंभरात एकही चूक नाही, याचा अर्थ खरं चुकांचं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं, कारण ०.९७¹⁰⁰ म्हणजे साधारण ०.०४८.

वर्ग-त्रुटीसारख्या मापात अडचण वेगळी असते. तिथे एखादंच उदाहरण सगळी बेरीज खाऊन टाकतं. ओळखायची खूण: रकाना उतरत्या क्रमाने लावा आणि पहिल्या पाच ओळी काढून सरासरी पुन्हा घ्या. ती लक्षणीय बदलली तर ±१.९६ वर विसंबू नका. कोशी वितरणासारख्या टोकाच्या उदाहरणात तर सरासरीच अस्तित्वात नसते. तिथे दहा लाख आकड्यांची सरासरी एका आकड्याइतकीच अस्थिर राहते.

## अंतरालाच्या बाहेर राहिलेलं

वरचे सगळे अंतराल एका तयार, गोठवलेल्या मॉडेलचे आहेत. सीड बदलून पुन्हा ट्रेन केल्यावर होणारा फरक त्यांत नाही. 'ही पद्धत चांगली' असं म्हणायचं असेल तर मॉडेल अनेक सीडवर ट्रेन करून त्या स्कोअरचा अंतराल द्यावा लागतो. पाचच सीड असतील तर १.९६ अपुरा पडतो, तिथे t वितरणाचा २.७७६ घ्या. आणि '±' पुढे काय लिहिलं आहे, SD की SE, ते शब्दांत लिहा. पाच सीडवर या दोहोंत √५, म्हणजे सव्वादोनपट अंतर असतं.

दुसरी गोष्ट निवडीची. वीस चेकपॉइंट टेस्ट सेटवर चालवले आणि सर्वांत मोठा स्कोअर उचलला, तर तो आकडा सरासरी राहत नाही, तो वीस सरासरींमधला कमाल आकडा होतो, आणि केंद्रीय सीमा प्रमेय कमाल आकड्याबद्दल काही सांगत नाही. विसांचीही खरी अॅक्युरसी ०.८७ च असेल आणि त्यांचे स्कोअर एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांतला सर्वोत्तम स्कोअर सरासरीने १.८७ SE वर, म्हणजे ०.८९ च्या आसपास दिसेल. एकाच टेस्ट सेटवरचे चेकपॉइंट एकमेकांशी बांधलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात फुगवटा याहून कमी येतो, पण दिशा तीच. चेकपॉइंट व्हॅलिडेशन सेटवर निवडा, टेस्ट सेटची फाइल त्यानंतर उघडा, आणि एकदाच चालवा.